दोन शब्द स्वागताचे

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही पेशाच्या माणसांची कार्यशाळा भरो, उद्घाटनाच्या सत्रात एक गृहस्थ ठरलेले असतात. कार्यशाळा सीएंची असेल, दंतवैद्यांची असेल, आर्किटेक्टांची असेल. बॅनर बदलतो, गृहस्थ तेच. वय साठीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा फिकट सदरा, खिशाला दोन पेनं आणि छातीवर वाटीएवढा बिल्ला. हातात प्लास्टिकची फाइल, आणि फाइलीत असं काहीतरी ज्याची आयोजकांना सकाळपासून धास्ती असते. आम्ही कर सल्लागार मंडळी आमच्याकडच्या या गृहस्थांना ‘प्रास्ताविककाका’ म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे आणि तो किताब असल्यासारखं ते मिरवतात.

काकांची नोकरी फोर्टात, घर डोंबिवली पूर्वेला. सगळी उमेदीची वर्षं त्यांनी सकाळच्या एकाच फास्ट लोकलने काढली. गाडी फलाटावर किती सेकंद थांबते आणि तेवढ्यात माणसाला काय काय करता येतं याचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणाला नसेल. आत चढायचं, बॅग रॅकवर टाकायची, चौथ्या सीटवाल्याला सरकवायचं आणि ‘नमस्कार’ म्हणायचं, हे सगळं गाडी हलायच्या आत. असा माणूस माइकसमोर उभा राहिला की त्याच्या मनगटावरचं घड्याळ बंद कसं पडतं, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

काका बोलायला उभे राहतात तेव्हा पहिलं वाक्य ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ असं असतं. जुने सदस्य या वाक्याला मोबाइल बाहेर काढतात. आमचे खजिनदार मात्र हिशेबी गृहस्थ. त्यांनी एकदा काकांच्या स्वागतपर भाषणाची जमाखर्चासारखी नोंद ठेवली. श्लोक 1 मिनिट. व्यासपीठावरच्या 9 जणांना विशेषणांसह संबोधन 4 मिनिटं. ठाणे-कल्याण परिसराची थोरवी 5 मिनिटं. संस्थेचा इतिहास 4 मिनिटं. प्रमुख पाहुण्यांशी आपली पहिली भेट कशी झाली ते 3 मिनिटं. चहा, जेवण, कुपनं आणि चपला कुठे काढायच्या यावर 2 मिनिटं. कार्यशाळेचा विषय 1 मिनिट. एकूण 20. कार्यक्रमपत्रिकेत स्वागताला तीन मिनिटं होती. खजिनदारांनी खाली ‘तूट 17’ असं लिहून सही केली.

यातली थोरवीची पाच मिनिटं आम्हाला आता पाठ आहेत. काकांचं प्रत्येक स्वागत 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून सुटतं. 21 तोफांची सलामी होते, 14 डब्यांत 400 पाहुणे बसतात, तीन इंजिनं शिट्ट्या देतात आणि गाडी सुमारे 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला येते. विषय आयकर असो की अग्निसुरक्षा, गाडी ठाण्याला आल्याशिवाय काका विषयाला येत नाहीत. पुढे 1854 च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचतात, 2010 साली साहित्य संमेलन ठाण्यात आणि 2017 साली डोंबिवलीत भरतं, आणि मग काका म्हणतात, ‘अशा या सांस्कृतिक नगरीत आज आपण जीएसटीच्या विवरणपत्रांचा विचार करण्यासाठी जमलो आहोत.’ माहिती अगदी खरी. पण समोर बसलेल्यांपैकी निम्मे त्याच रुळांवरून लोंबकळत आलेले असतात, त्यांना रुळांचं कौतुक कसं वाटावं? सुरुवातीच्या दोन वाक्यांचं काम श्रोत्याला खुर्चीत पुढे सरकवण्याचं. 1853 साल त्याला खुर्चीत मागे रेलवतं.

काकांचा खरा प्राण अडकलेला असतो तो मानाच्या क्रमात. त्यांच्या फाइलीत राष्ट्रपती सचिवालयाच्या 26 जुलै 1979 च्या अधिसूचनेची झेरॉक्स आहे. देशातल्या पदांचा अग्रक्रम तीत दिलेला आहे. पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान, चौथे आपापल्या राज्यात असलेले राज्यपाल, असा तो खाली उतरत जातो. निवृत्त कर अधिकारी आधी की संस्थेचे माजी अध्यक्ष आधी, असा पेच पडला की काका झेरॉक्स काढून चष्मा कपाळावर चढवतात. यादीत कॅग आहेत, डोंबिवलीचा सीए नाही. शिवाय तिच्याच टिपांमध्ये स्पष्ट म्हटलंय की हा क्रम शासकीय समारंभांसाठी आहे, सरकारच्या रोजच्या कामकाजालाही तो लागू नाही. जी यादी सरकार स्वतः रोज पाळत नाही ती काका रविवारी सकाळी साडेनऊला पाळू बघतात.

वास्तविक आमच्यासारख्या दिवसभराच्या कार्यशाळेचा क्रम सोपा असतो. आधी अध्यक्ष, मग उद्घाटक किंवा प्रमुख पाहुणे, मग दिवसभराचे व्याख्याते, मग सभागृहात बसलेले माजी अध्यक्ष आणि ज्येष्ठ, हे सगळे एका दमात एकत्रित. शेवटी सहभागी. सहभागींचं नाव शेवटी असलं तरी आवाज तिथे उतरू द्यायचा नाही, कारण फी त्यांनी भरलेली असते. यजमान संस्थेचे चिटणीस, खजिनदार, समिती सदस्य यांचं स्वागत करायचंच नाही. ते घरचे, आणि घरच्यांना कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही. काका नेमके इथे चुकतात. त्यांच्या नऊ नावांतली चार घरची असतात. ती गाळा म्हटलं तर ते म्हणतात, ‘अहो, मंडप त्यांनीच बांधला ना!’ मंडप बांधणाऱ्यांसाठी संध्याकाळी आभार असतात. पण काकांचा कशावरच भरवसा नाही, म्हणून जे संध्याकाळी द्यायचं ते ते सकाळीच देऊन टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा देतात.

विशेषणांचंही तसंच. एका माणसाचं नाव आणि पद सावकाश घ्यायला पाच-सहा सेकंद लागतात. ‘ज्यांना परिचयाची मुळीच गरज नाही असे, सिद्धहस्त, व्यासंगी, आपल्या सर्वांचे लाडके’ एवढं लावलं की पंचवीस सेकंद. परिचयाची गरज नाही म्हटल्यावर काका परिचय करून देतात. त्यानंतर परिचयाचं काम ज्यांच्याकडे असतं ते पुन्हा करून देतात. आमच्या एका व्याख्यात्यांचं नाव पहिली स्लाइड पडद्यावर यायच्या आत पाच वेळा घेतलं गेलं होतं. व्यासपीठावर बोलावताना, स्वागतात, परिचयात, पुष्पगुच्छ देताना आणि बोलण्यासाठी पाचारण करताना. स्वागत करणाऱ्याने नाव आणि पद एवढंच घ्यावं, पदव्या आणि ग्रंथ परिचयकर्त्यासाठी सोडावेत, सत्काराच्या वेळी नुसतं नाव. तिघांनी आदल्या दिवशी पाच मिनिटं फोनवर बोलून हे वाटून घेतलं तर सकाळची दहा मिनिटं वाचतात. काका फोनवर बोलतात, पण पाच मिनिटं नव्हे.

चिठ्ठीचा मार्गही आम्ही करून पाहिला. खजिनदारांनी ‘आवरतं घ्या’ असं लिहून चिठ्ठी पुढे पाठवली. काकांनी ती न उघडता सदऱ्याच्या खिशात टाकली, सभागृहाकडे पाहून म्हणाले, ‘कुणाचं तरी नाव राहिलेलं दिसतंय,’ आणि पहिल्या रांगेतल्या पाच जणांची नावं घेतली. दुसरी चिठ्ठी आली तेव्हा दुसरी रांग घेतली. तिसरी पाठवायची कुणाची छाती झाली नाही.

वीस मिनिटांनी एवढं काय बिघडतं, असं बाहेरच्याला वाटेल. पहिलं तांत्रिक सत्र 10 ते साडेअकरा असतं. स्वागत लांबलं की दीपप्रज्वलन लांबतं. तिथे समईच्या वाती कोरड्या असतात, वरचा पंखा कुणी बंद केलेला नसतो आणि काडेपेटीसाठी कँटीनकडे माणूस धावतो. मग पुष्पगुच्छ, आणि प्रत्येक पुष्पगुच्छाबरोबर फोटोसाठी थांबणं. व्याख्याते 10 ऐवजी 10.35 ला उभे राहतात. जेवणाची वेळ केटरर हलवू देत नाही, दुपारचे व्याख्याते आपली वेळ देत नाहीत. मग ती 35 मिनिटं कापली जातात ती पहिल्या सत्राच्या प्रश्नोत्तरांतून. उल्हासनगरहून किंवा बदलापूरहून आलेला तरुण अकाउंटंट अशिलाला आलेली नोटीस पिशवीत घालून त्या एका प्रश्नासाठीच आलेला असतो. 1853 च्या गाडीचं भाडं त्याच्या खिशातून जातं.

एका रविवारी मात्र काकांच्या हातून माइक निसटला. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. प्रमुख पाहुणे ठाण्याला राहणारे निवृत्त कर अधिकारी होते. ‘पाहुण्यांना एकटं येऊ देणं बरं दिसत नाही, शिवाय ब्लॉकचा भरवसा नाही,’ असं म्हणून काका सकाळीच गाडी घेऊन त्यांना आणायला ठाण्याला गेले. शिष्टाचार म्हणून अगदी बरोबर. येताना मुंब्रा बायपास निभावला, शिळफाट्याला गाडी थांबली. ज्यांना शिळफाटा माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. 9.20 ला काकांचा फोन आला. ‘समोर कंटेनर आडवा आहे. आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका.’

सभागृहात शंभरेक माणसं. अध्यक्ष आलेले, सकाळचे व्याख्याते कल्याणहून वेळेत पोचलेले. आमच्या चिटणीस वयाने काकांच्या मुलीएवढ्या, स्वतः सीए, त्या दिवशी सूत्रसंचालन त्यांच्याकडे होतं. त्यांनी अध्यक्षांना बाजूला घेऊन विचारलं, ‘सर, दहा मिनिटं थांबू. 9.40 ला सुरू करू. दिवा तुम्ही आणि व्याख्याते मिळून लावा. पाहुणे आले की चहाच्या आधीची दहा मिनिटं त्यांची.’ अध्यक्षांनी मान हलवली. बाईंनी लगेच पाहुण्यांना स्वतः फोन लावला, बदल सांगितला आणि ‘आपली परवानगी आहे ना?’ असं विचारलं. शिष्टाचार कशाला म्हणतात ते या फोनमध्ये होतं. आपल्या मागे काय चाललंय ते पाहुण्याला दारात पाऊल टाकल्यावर कळू नये.

मग त्यांनी एक पोस्टकार्डाएवढं कार्ड घेतलं. एका ओळीत एक नाव, नावापुढे आत्ताचं पद. ‘माजी’ कुठे लावायचं ते विचारून घेतलं. एका व्याख्यातीबाईंना ‘नावाआधी सीए लावू, डॉक्टर लावू की दोन्ही?’ असं थेट विचारलं. आडनावाचा उच्चार एकदा त्यांच्याकडूनच म्हणवून घेतला. प्रमुख पाहुण्यांचं नाव खोडलं, कारण जो माणूस सभागृहात नाही त्याचं स्वागत करत नाहीत. अजून रस्त्यावर असलेल्या पाहुण्याचं स्वागत करून मग तो उशिरा का येतोय याचं स्पष्टीकरण देणारे कितीतरी वक्ते मी पाहिलेत. पाहुण्याचा उशीर त्यामुळे इतिवृत्तात जातो.

बाई उभ्या राहिल्या. चाळीस सेकंदांत संबोधन संपलं. मग म्हणाल्या, ‘पुरवठादाराने 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 भरला नाही, तर 14 तारखेला तुमच्या अशिलाच्या 2बीमध्ये ते बिल दिसत नाही. 20 तारखेला 3बी भरताना अशील तुम्हाला फोन करून विचारतो, माझं क्रेडिट गेलं कुठे? आजचा दिवस 14 ते 20 मधल्या त्या सहा दिवसांसाठी आहे.’ सभागृहात हशा पिकला. तो विनोदाचा नव्हता, ओळखीचा होता, कारण तो फोन प्रत्येकाला आलेला होता. दोन-तीन मोबाइल खिशात परत गेलेले मी पाहिले. ज्यांनी वही काढली नव्हती त्यांनी काढली.

त्यापुढे पन्नासेक सेकंद कार्यशाळा का ठेवली ते. चाळीस सेकंद दिवसाचा आराखडा: सकाळी ताळमेळ, दुपारी नोटिशीला उत्तर, प्रश्न कधी विचारायचे आणि ते कागदावर लिहून कुणाकडे द्यायचे. शेवटी वीस सेकंदांत ‘दीपप्रज्वलनासाठी अध्यक्षांना विनंती करते’ म्हणून त्या बाजूला झाल्या. खजिनदारांनी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. माइकवर सावकाश, ऐकू येईल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे मराठी शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांचं स्वागत हे साडेतीनशे शब्दांच्या आतलं काम, हाताने लिहिलं तर जेमतेम दीड पान. पूर्ण राष्ट्रगीत 52 सेकंदांत होतं, त्या मानाने तीन मिनिटं हा ऐसपैस कारभार म्हणायचा.

काका आणि पाहुणे 10.25 ला दारात आले. व्याख्याते भर विषयात होते. काका आत शिरून ‘थांबा’ म्हणणार तोच अध्यक्ष उठले, पाहुण्यांना हात जोडून पहिल्या रांगेतल्या राखून ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. व्याख्यान अडलं नाही. सव्वाअकराला प्रश्नोत्तरं संपल्यावर चिटणीसबाईंनी दोन वाक्यांत स्वागत केलं, पुष्पगुच्छ दिला आणि पाहुणे बोलले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘नोकरीत असताना मी कित्येक कार्यशाळांचं उद्घाटन केलं, पण उद्घाटन करून निघून जात असे. आज पहिल्यांदा व्याख्यान ऐकलं.’ मग सात मिनिटांत त्यांनी खात्याच्या बाजूने नोटिशी कशा तपासल्या जातात ते सांगितलं. व्यासपीठावर तासभर बसवून मग बोलायला लावलं असतं तर त्यांनी शुभेच्छा दिल्या असत्या.

काका दुखावले. चहाला आले नाहीत. जेवताना म्हणाले, ‘उद्घाटकाशिवाय उद्घाटन! आणि ठाणे-कल्याणबद्दल एक अक्षर नाही!’ त्यांची समजूत काढायला म्हणून संध्याकाळचे आभार त्यांना दिले. पाचला सुरू झालेले आभार बोरीबंदरहूनच निघाले. गाडी कळव्याच्या पुढे येईपर्यंत मागच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या. ती माणसं खरी गाडी पकडायला गेली होती.

पण त्या दिवसाची दुसरी बाजू आमच्या पुढच्या बैठकीत निघाली. उशिरा आलेल्या त्या पाहुण्यांनी फोन करून काकांचं तोंड भरून कौतुक केलं. शिळफाट्यावरच्या त्या कोंडीत काकांनी त्यांना सभागृहातल्या एकेका माणसाची माहिती दिली होती: कोण कुठल्या धंद्याचे खटले बघतो, कोणाला काय विचारावं, कोण नुकतं आजारातून उठलंय. पाहुणे म्हणाले, ‘मी आलो तेव्हा अर्धं सभागृह मला ओळखीचं वाटत होतं.’ तेव्हा आमच्या ध्यानात आलं की या माणसाला खरोखर सगळ्यांची नावं, पदं, मानपान आणि रुसवेफुगवे तोंडपाठ आहेत. कुणाच्या नावाआधी ‘माजी’ लावलं तर राग येतो आणि कुणाला न लावलं तर, हे त्यांच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही. चिटणीसबाईंना जे अध्यक्षांना, व्याख्यात्यांना विचारावं लागलं ते काकांना विचारावं लागत नाही.

तेव्हापासून कामं अशी वाटली आहेत. आठवडाभर आधी काका मानाची यादी करतात. क्रम त्यांचा, उच्चार त्यांचे, पदं त्यांनी फोन करून पडताळलेली. आदल्या रात्री यादी बंद, त्यानंतर नाव घालायचं तर अध्यक्षांची सही लागते. कार्यशाळेच्या सकाळी काका साडेआठपासून दारात उभे असतात, प्रत्येकाला नावाने हाक मारतात, नवख्याला त्याच्या गावच्या माणसाशेजारी बसवतात, पाहुण्यांना गाडीतून उतरवून थेट खुर्चीपर्यंत नेतात. 1853 ची गाडी ज्याला ऐकायची असेल त्याला तिथेच ऐकायला मिळते, आणि उभ्याउभ्या ऐकताना ती बरी लागते. माइकवर दुसरं कुणीतरी कार्ड घेऊन तीन मिनिटं बोलतं.

तुमच्या संस्थेतही असे एक काका असतील. त्यांना समितीतून काढू नका, यादीचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ नका आणि दारावरून हलवू नका. फक्त त्यांच्या आणि माइकच्या मध्ये, शिष्टाचार सांभाळून, कायम एक माणूस उभा ठेवा.